आंशिक अपूर्णांकांच्या पोटातली बाकी

बारावीला संकलन शिकलेल्या प्रत्येकाने आंशिक अपूर्णांक केलेले असतात. छेदात दोन-तीन बहुपदींचा गुणाकार असलेला अवजड अपूर्णांक घ्यायचा, सोप्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज म्हणून तो लिहायचा आणि मग एकेका तुकड्याचे संकलन करायचे. पुस्तकात त्यासाठी एक चौकट दिलेली असते. छेदात x − 1 सारखा अवयव असेल तर त्याच्यावर A लिहा. x² + 1 सारखा न फुटणारा वर्गाचा अवयव असेल तर त्याच्यावर Bx + C लिहा. एखादा अवयव दोनदा आला असेल तर त्याचे दोन अपूर्णांक लिहा, एक साध्या घाताचा आणि एक वर्गाचा. मग छेद समान करा, सहगुणकांची तुलना करा, समीकरणे सोडवा.

चौकट पाठ होते आणि गुणही मिळतात. पण एकाच्या डोक्यावर नुसता A आणि दुसऱ्याच्या डोक्यावर Bx + C का, दोनदा आलेल्या अवयवाला वेगळा न्याय का, आणि ही समीकरणे दरवेळी सुटतातच कशी, हे प्रश्न वर्गात बहुधा कुणी विचारत नाही. मला हे फार खटकते, कारण या तिन्हींचे उत्तर एकच आहे आणि ते चौथीतल्या मुलालाही ठाऊक असलेल्या गोष्टीत आहे. ती गोष्ट म्हणजे भागाकारातली बाकी. A, B, C हे खरे तर बाक्यांचे हिशेब आहेत, आणि त्यांच्यामागचा नियम म्हणजे चिनी शेषसिद्धांत. फक्त इथे तो संख्यांऐवजी परिमेय सहगुणकांच्या बहुपदींना लावलेला असतो.

आधी संख्यांचे पाहू. ‘सुन्झी सुआनजिंग’ हा चीनमधला जुना गणितग्रंथ साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातला मानला जातो. त्यात एक कोडे आहे. काही वस्तू आहेत, किती ते माहीत नाही. त्यांचे तिनाचे गट केले तर २ उरतात, पाचाचे केले तर ३ उरतात, साताचे केले तर पुन्हा २ उरतात. वस्तू किती? उत्तर २३. ते काढण्याची रीतही ग्रंथात आहे आणि ती तीन संख्यांवर उभी आहे: ७०, २१ आणि १५.

या तिघी काळजीपूर्वक निवडलेल्या आहेत. ७० ला ५ ने आणि ७ ने पूर्ण भाग जातो, पण ३ ने भागले तर १ उरतो. २१ ला ३ ने आणि ७ ने भाग जातो, ५ ने भागले तर १ उरतो. १५ चे तसेच, तिथे ७ ने भागल्यावर १ उरतो. म्हणजे प्रत्येक संख्या एकाच भाजकाला दिसते, बाकीच्या दोघांच्या लेखी ती शून्यच. आता हव्या त्या बाक्यांनी त्यांना गुणायचे आणि बेरीज करायची:

2 × 70 + 3 × 21 + 2 × 15 = 140 + 63 + 30 = 233

२३३ ला तिन्ही बाक्या बरोबर येतात. ३ × ५ × ७ म्हणजे १०५. त्याच्या पटीत काहीही वजा केले तरी बाक्या बदलत नाहीत. म्हणून २३३ मधून २१० काढले की २३ उरतात.

आता हीच ओळ १०५ ने भागा. १४० भागिले १०५ म्हणजे 4/3, ६३ भागिले १०५ म्हणजे 3/5, ३० भागिले १०५ म्हणजे 2/7, आणि वजा केलेले २१० म्हणजे २. तेव्हा

23/105 = 4/3 + 3/5 + 2/7 − 2

आणि 4/3 मधला पूर्ण १ बाहेर काढला तर

23/105 = 1/3 + 3/5 + 2/7 − 1

१०५ हा मोठा छेद ३, ५ आणि ७ या छोट्या छेदांत फुटला. सुन्झीचे कोडे आणि आंशिक अपूर्णांक यांत एका भागाकाराचेच अंतर आहे. कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी १८०१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘डिस्क्विझिशिओनेस अरिथमेटिके’ या ग्रंथात साध्या अपूर्णांकांची अशी फोड बाक्यांच्याच आधारे केलेली आहे.

वरच्या उत्तरात एक बारकावा आहे आणि पुढे तोच कामाला येणार आहे. ५ वरचा अंश ३ आला आणि ५ ची बाकीही ३ च होती. ७ चेही तसेच, अंश २ आणि बाकी २. पण ३ ची बाकी २ असताना त्याच्यावर अंश १ आला. याचे कारण ७० मध्ये आहे. ५ आणि ७ चा गुणाकार ३५. त्याला ३ ने भागले तर २ उरतात. १ उरायला हवा म्हणून सुन्झीने ३५ ची दुप्पट घेतली. ती दुप्पट अंशातही उतरते: बाकी २, गुणिले २, झाले ४, आणि ४ ला ३ ने भागल्यावर १. म्हणजे अंश ही नुसती बाकी नसते. उरलेल्या छेदाला ज्या संख्येने गुणले की १ उरतो, त्या संख्येने बाकीला गुणावे लागते. अशा संख्येला आपण व्यस्त म्हणू.

आता बहुपदींकडे येऊ. बहुपदीला बहुपदीने भागता येते आणि बाकी उरते, हे शाळेत झालेले असते. भाजक x − 1 असेल तर बाकी काढायला भागाकार मांडावाही लागत नाही. X च्या जागी 1 घातला की जे येईल तीच बाकी. नववीतला शेष सिद्धांत तो हाच. भाजक x² − 2 असेल तरी युक्ती तीच. x² − 2 ला शून्य मानायचे, म्हणजे जिथे x² दिसेल तिथे 2 लिहायचे. x³ असेल तर तो x² गुणिले x, म्हणजे 2x. असे करत गेले की शेवटी एक आकडा आणि x ची एखादी पट एवढेच उरते.

इथेच चौकटीतल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. x − 1 ने भागल्यावर उरते ती नुसती संख्या, म्हणून त्याच्यावर A. x² − 2 ने भागल्यावर उरते ती जास्तीत जास्त x च्या पहिल्या घाताची बहुपदी, म्हणून त्याच्यावर Bx + C. बाकी भाजकापेक्षा लहान असते, एवढेच ते सांगणे आहे. संख्यांच्या जगात लहान म्हणजे किमतीने लहान, बहुपदींच्या जगात लहान म्हणजे कमी कोटीची.

एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू:

(x² + 3x + 1) / ((x − 1)(x² − 2))

छेदातल्या दोन अवयवांकडे आलटून पालटून पाहायचे. आधी x − 1. त्याच्या नजरेने x म्हणजे 1. अंशाची बाकी 1 + 3 + 1, म्हणजे ५. उरलेला छेद x² − 2, त्याची बाकी −1. −1 ला −1 ने गुणले की 1 येतो, म्हणून व्यस्त −1. बाकी गुणिले व्यस्त, म्हणजे −5. x − 1 च्या डोक्यावर −5 बसला.

ज्यांना परीक्षेत ‘अवयव झाकून x ची किंमत घालायची’ युक्ती शिकवलेली असते, त्यांनी हेच केलेले असते. ब्रिटिश अभियंता ऑलिव्हर हेविसाइड यांच्या नावाने ती ओळखली जाते. अवयव झाकणे म्हणजे उरलेला छेद घेणे, आणि x ची किंमत घालणे म्हणजे बाकी काढणे. पण वर्गाच्या अवयवाशी आले की ही युक्ती हात टेकते असे मुलांना वाटते आणि ती पुन्हा समीकरणांकडे वळतात. वळायची गरज नाही. x² − 2 च्या बाबतीतही तेच करायचे, फक्त किंमत घालण्याऐवजी x² च्या जागी 2 लिहायचे.

अंश x² + 3x + 1. x² च्या जागी 2 लिहिले की 3x + 3. ही झाली बाकी. उरलेला छेद x − 1. त्याचा व्यस्त हवा. म्हणजे अशी बहुपदी हवी की जिने x − 1 ला गुणले आणि x² ला 2 मानले, तर 1 यावा. x + 1 घेऊन पाहा: (x − 1)(x + 1) = x² − 1, म्हणजे 2 − 1, म्हणजे 1. व्यस्त मिळाला. आता बाकी गुणिले व्यस्त:

(3x + 3)(x + 1) = 3x² + 6x + 3, म्हणजे 6x + 9

उत्तर असे:

(x² + 3x + 1) / ((x − 1)(x² − 2)) = −5/(x − 1) + (6x + 9)/(x² − 2)

एकही समीकरण मांडले नाही. खात्री करायला x = 0 घाला. डावीकडे 1 भागिले 2, म्हणजे अर्धा. उजवीकडे 5 − 9/2, तोही अर्धा. दुसरी तपासणी याहून झटपट आहे. छेद समान केल्यावर अंशात x² चा सहगुणक −5 + 6, म्हणजे 1 यायला हवा, आणि मूळ अंशात तो 1 च आहे. विद्यार्थ्यांनी या दोन तपासण्यांची सवय लावून घ्यावी. चिन्हाची चूक बहुतेक वेळा त्यांत सापडते.

सुन्झीच्या ७०, २१, १५ यांच्या जोडीदार बहुपदीही इथे आहेत. 2 − x² घ्या: x − 1 च्या नजरेने ती 1 आहे आणि x² − 2 च्या नजरेने शून्य. x² − 1 घ्या: x − 1 च्या नजरेने शून्य आणि x² − 2 च्या नजरेने 1. आता बाक्यांनी गुणून बेरीज करा, अगदी सुन्झीसारखी:

5(2 − x²) + (3x + 3)(x² − 1) = 3x³ − 2x² − 3x + 7

हे आपले २३३. पूर्ण छेद (x − 1)(x² − 2) म्हणजे x³ − x² − 2x + 2. त्याची तिप्पट यातून वजा करा. उरते x² + 3x + 1, आपला मूळ अंश. संख्यांमध्ये २३३ वरून २३ वर यायला १०५ ची दुप्पट काढली होती, इथे छेदाची तिप्पट काढली. चिनी शेषसिद्धांत सांगतो तो एवढाच: अंश छेदापेक्षा कमी कोटीचा असेल तर तो अख्खा ठेवा नाहीतर त्याच्या दोन बाक्या ठेवा, माहिती तीच आहे आणि एकावरून दुसरे नेहमी काढता येते. आपल्या उदाहरणात अंशाला तीन सहगुणक होते. एका बाकीत एक संख्या, दुसऱ्या बाकीत दोन, एकूण तीन. हिशेब जुळतो.

आणि उत्तर एकच का येते? समजा दोन वेगळ्या अंशांच्या दोन्ही बाक्या सारख्या आल्या. मग त्यांच्या वजाबाकीला दोन्ही अवयवांनी भाग जाईल, आणि त्या दोघांत सामाईक काही नसल्याने त्यांच्या गुणाकारानेही जाईल. पण वजाबाकीची कोटी गुणाकाराच्या कोटीपेक्षा कमी आहे. अशी बहुपदी शून्यच असू शकते, म्हणजे अंश वेगळे नव्हतेच.

संख्यांपेक्षा बहुपदींत एक सोयही आहे. 23/105 च्या फोडीत शेवटी −1 लटकत राहिला, कारण तीन तुकड्यांची बेरीज १ च्या पुढे जाऊ शकते. बहुपदींमध्ये हे होत नाही. कमी कोटीच्या अंशांचे कितीही तुकडे मिळवले तरी बेरजेच्या अंशाची कोटी छेदापेक्षा कमीच राहते. तिथे हातचा नसतो. म्हणून आंशिक अपूर्णांकांत असे शेपूट कधी दिसत नाही.

राहिला प्रश्न व्यस्ताचा. x + 1 मी सहज घेतल्यासारखा दाखवला, पण तो काढायची ठाम रीत आहे. x² − 2 ला x − 1 ने भागा. भागाकार x + 1 येतो आणि बाकी −1. तीच ओळ उलटी लिहिली की

(x − 1)(x + 1) − (x² − 2) = 1

व्यस्त समोर आहे. इथे एका पायरीत काम झाले. अवयव मोठे असतील तर बाकीने पुन्हा भाजकाला भागायचे, आलेल्या बाकीने पुन्हा, असे करत एखादी नुसती संख्या उरेपर्यंत जायचे आणि मग पायऱ्या उलट चढत यायचे. मसावि काढण्याची युक्लिडची रीत ती हीच. आपल्याकडे आर्यभटांनी इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त गणितपादाच्या शेवटी कुट्टक म्हणून जी पद्धत दिली, तिचाही गाभा असाच सलग भागाकारांचा आहे आणि ती बाक्यांच्या कोड्यांसाठीच दिलेली आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही कुट्टकाला वेगळे प्रकरण आहे. बहुपदींना ही भागाकारांची साखळी लावून मसावि काढण्याचे काम सायमन स्टेव्हिन यांनी १५८५ मध्ये केले. साखळीच्या शेवटी शून्य नसलेली संख्या उरली की दोन्ही बहुपदी सहमूळ, आणि सहमूळ असतील तर व्यस्त मिळणारच. समीकरणे दरवेळी का सुटतात, त्याचे कारण हे.

सहमूळ असणे ही अट मोडली की काय होते ते दोनदा आलेल्या अवयवात दिसते. (x − 1)² म्हणजे x − 1 आणि x − 1 यांचा गुणाकार. पण हे दोघे एकमेकांपासून वेगळे नाहीत. दोघांच्या बाक्या घेतल्या तर तीच माहिती दोनदा मिळते आणि उरलेली हरवते. म्हणून 1/(x − 1)² ला A/(x − 1) + B/(x − 1) असे लिहू पाहणारा विद्यार्थी अडकतो. त्या बेरजेत वर्ग कधी येतच नाही. शेषसिद्धांताच्या दृष्टीने (x − 1)² हा एकच अखंड भाजक आहे आणि त्याच्यावर पहिल्या घातापर्यंतची कोणतीही बाकी बसू शकते. पुस्तकात त्याचे जे दोन तुकडे दिसतात, ते शेषसिद्धांताने पाडलेले नसतात. ती नंतरची वेगळी पायरी असते: बाकी x च्या घातांऐवजी x − 1 च्या घातांत लिहायची. आपलाच अंश (x − 1)³ वर बसवून पाहा. x च्या जागी t + 1 घातले तर x² + 3x + 1 चे t² + 5t + 5 होते, आणि t म्हणजे x − 1. तेव्हा

(x² + 3x + 1)/(x − 1)³ = 1/(x − 1) + 5/(x − 1)² + 5/(x − 1)³

संख्या दशमान पद्धतीत लिहिताना १० ने पुन्हा पुन्हा भागून एकक, दशक, शतक मिळवतो, तसाच हा प्रकार. भाजक १० ऐवजी x − 1. आधी सहमूळ तुकडे पाडणे आणि मग एकेका तुकड्याचे स्थान-अंक लिहिणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुस्तकातली चौकट ती एकाच ओळीत उरकते आणि त्यामुळेच ती अनाकलनीय वाटते.

दुसरी चूक जास्त घातक, कारण तिथे काही अडत नाही आणि चुकीचे उत्तर सुबक दिसते. x³ / ((x − 1)(x − 2)) घ्या आणि सरळ अवयव झाका. x = 1 ला −1 येतो, x = 2 ला 8 येतो. लिहून टाकले, −1/(x − 1) + 8/(x − 2). x = 0 घालून तपासा: मूळ अपूर्णांक शून्य, आपले उत्तर 1 − 4, म्हणजे −3. काय झाले? बाक्या दोन्ही बरोबर होत्या. पण बाक्यांवरून अंश कळतो तो छेदाची पट वगळून, आणि इथे अंश छेदापेक्षा मोठ्या कोटीचा असल्याने त्यात छेदाची पट लपलेली होती. भागाकार केला तर ती x + 3 निघते; ती मिळवली की x = 0 ला −3 आणि 3 मिळून शून्य होते. म्हणून अंशाची कोटी छेदाइतकी किंवा जास्त असेल तर आधी भागाकार, ही सूचना पुस्तकात असते. पहिल्यांदा न भागता केले तरी तुकडे बरोबरच येतात, हरवते ती फक्त बाहेरची बहुपदी, हे मात्र सहसा सांगितलेले नसते.

आता सहगुणक परिमेयच का घ्यायचे? पूर्णांक घेऊन चालणार नाही. x − 1 आणि x + 1 यांत सामाईक अवयव नाही, तरी एक साधा प्रश्न विचारून पाहा: सगळे सहगुणक पूर्णांक असलेली अशी बहुपदी आहे का, जिची किंमत x = 1 ला 0 आणि x = −1 ला 1 येते? नाही. 1 च्या आणि −1 च्या घातांत फरक पडला तर 2 चाच पडतो, म्हणून दोन्ही किमती एकतर दोन्ही सम असतात नाहीतर दोन्ही विषम. बाक्या मनाप्रमाणे मागता येत नाहीत, म्हणजे पूर्णांकांच्या सहगुणकांवर सिद्धांत इथे कोसळला. दोष त्या 2 चा आहे. X + 1 मधून x − 1 वजा केला की 2 उरतो आणि पूर्णांकांत 2 ला व्यस्त नाही. परिमेय संख्यांत तो आहे, अर्धा. म्हणूनच 1/(x² − 1) च्या फोडीत तो अर्धा अटळपणे येतो.

आणि वास्तव संख्या का नकोत? त्या घेता येतात, पण किंमत मोजावी लागते. √2 ला परवानगी दिली तर x² − 2 फुटतो आणि आपल्या उत्तरातल्या (6x + 9)/(x² − 2) चे दोन तुकडे होतात. x − √2 वर 3 + 9√2/4 आणि x + √2 वर 3 − 9√2/4. एका साध्या तुकड्याच्या जागी करणीचे दोन आले. परिमेयांवर थांबलो तर सगळा हिशेब साध्या अपूर्णांकांत राहतो, कुठेही दशांश तोडावा लागत नाही. सिम्पाय या संगणकप्रणालीतली `apart` ही आज्ञाही आपणहून परिमेयांवरच थांबते आणि x² − 2 अखंड ठेवते.

कुठे थांबायचे हा प्रश्न जुना आहे. गोटफ्रीड लायब्निट्झ आणि योहान बर्नुली या दोघांनी १७०२ मध्ये संकलनासाठी आंशिक अपूर्णांकांवर लिहिले. लायब्निट्झना x⁴ + a⁴ या छेदाने अडवले. त्याचे वास्तव सहगुणकांचे दोन वर्ग-अवयव पडत नाहीत असे त्यांना वाटले. ते पडतात: x⁴ + 1 म्हणजे (x² + √2x + 1)(x² − √2x + 1). पण त्यासाठी √2 लागतोच. परिमेयांच्या जगात x⁴ + 1 खरोखर अविभाज्य आहे, आणि तिथे 1/(x⁴ + 1) चे आंशिक अपूर्णांक करायला कुणी सांगितले तर तो जसा आहे तसा ठेवणे हेच बरोबर उत्तर. या पद्धतीची खरी मर्यादा इथे आहे. शेषसिद्धांत अवयव शोधून देत नाही. ते आधी कुणीतरी पाडून द्यावे लागतात. मिळालेले अवयव आणखी फुटतात की नाही याच्याशी त्याला देणेघेणे नाही, ते सहमूळ असले की झाले.

वाचकांनी एक उदाहरण स्वतः करून पाहावे. x⁴ + 1 परिमेयांवर फुटत नाही, पण x⁴ + 4 फुटतो: (x² + 2x + 2)(x² − 2x + 2). तेव्हा 1/(x⁴ + 4) ची फोड करा, आणि समीकरणे मांडू नका. पहिल्या अवयवाच्या नजरेने x² म्हणजे −2x − 2, मग दुसरा अवयव नुसता −4x उरतो आणि त्याचा व्यस्त शोधायचा. x(x + 2) ची किंमत किती येते ते पाहिले की तो लगेच सापडतो. उत्तर जुळले पाहिजे ते असे:

1/(x⁴ + 4) = (1/8) [ (x + 2)/(x² + 2x + 2) − (x − 2)/(x² − 2x + 2) ]